आलेखाखालचे छोटे कोष्टक आणि पुन्हा उभी केलेली कालश्रेणी

जुन्या अहवालाच्या पानावर आलेख छापलेला असतो, पण तो केवळ चित्र असतो. त्यामागचे आकडे कोणत्या संगणकात राहिले, कोणत्या कार्यालयाच्या कपाटात गेले, हे कळायला मार्ग नसतो. त्याच आकड्यांचा नवा आलेख काढायचा झाला, तर बरेच जण चित्रातल्या रेषेवर बिंदू ठेवून उंची मोजू लागतात. हे काम चिकाटीचे असते, पण बहुतेक वेळा अनावश्यकही असते, कारण अशा अनेक आलेखांच्या पायाशी बारीक अक्षरांत दोन-तीन ओळींचे कोष्टक छापलेले असते. एक्सेलमध्ये आलेखाला `Data Table` जोडला की ते आपोआप उमटते आणि प्रत्येक वर्षाखाली त्या वर्षाची किंमत येते. रेषेची उंची मोजून मिळणारा आकडा हा अंदाज असतो. कोष्टकातला आकडा मात्र आलेख काढणाऱ्याने स्वतः लिहिलेला असतो.

म्हणून आकडे कोष्टकातून घ्यावेत आणि चित्र पडताळणीसाठी ठेवावे, हा या कामाचा पहिला नियम. अडचण पुढे येते. कोष्टक आकडा देते, पण तो नेमक्या कोणत्या वर्षाचा, कोणत्या प्रदेशाचा आणि किती काटेकोर, हे पुष्कळदा सांगत नाही. ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय उभी केलेली कालश्रेणी दिसायला सुबक असते, परंतु खोटी असू शकते. गोव्याच्या लोकसंख्येची श्रेणी हे याचे चांगले उदाहरण आहे, कारण या तिन्ही अडचणी तिच्यात एकत्र भेटतात.

समजा, गोव्याच्या विसाव्या शतकातील लोकसंख्येचा एक आलेख चित्ररूपात हाती आहे. आडव्या अक्षावर १९०१, १९११, १९२१ अशी २०११ पर्यंतची बारा वर्षे आहेत. खाली तीन ओळींचे कोष्टक आहे: पहिल्या ओळीत वर्ष, दुसरीत लोकसंख्या लाखांत आणि तिसरीत आधीच्या गणनेच्या तुलनेत झालेला टक्केवारीतील बदल. लोकसंख्येच्या ओळीत ४.७६, ४.८७, ४.६९, ५.०५, ५.४१, ५.४७, ५.९०, ७.९५, १०.०८, ११.७०, १३.४८ आणि १४.५९ असे आकडे आहेत. १९७१ च्या रकान्यात ३४.७७ टक्के ही वाढ दिसते आणि १९२१ च्या रकान्यात उणे ३.५५.

उतरवून घेताना

बारा रकाने असतील तर हाताने टंकणे उत्तम. चित्रातील अक्षरे ओळखणारी ओसीआर प्रणाली वापरली, तर बारीक आणि पुसट छपाईत इंग्रजी १ आणि ७, ३ आणि ८, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते. देवनागरी अंकांत १ आणि ९, तसेच ४ आणि ५ यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. उणे चिन्ह तर हमखास हरवते, कारण रकान्याच्या रेषेला चिकटलेली छोटी आडवी रेघ प्रणालीला चौकटीचाच भाग वाटते. आकडे स्प्रेडशीटमध्ये देवनागरीत टंकले, तर ती त्यांना संख्या न मानता मजकूर समजण्याचा संभव असतो. रकान्यातला आकडा उजवीकडे न सरकता डावीकडे चिकटून राहिला, की हे झाले असे ओळखावे. म्हणून पत्रकात इंग्रजी अंक वापरून नव्या आलेखाच्या मजकुरात हवे तर देवनागरी अंक द्यावेत.

छापील कोष्टक आडवे असते, म्हणजे वर्षे डावीकडून उजवीकडे जातात. कालश्रेणीसाठी ते उभे करावे लागते: एका ओळीत एक वर्ष आणि त्याच्यापुढे त्याची किंमत. आडवे उतरवून घेतल्यानंतर `Paste Special` मधील `Transpose` हा पर्याय हे काम करतो.

आता पडताळणी. समजा, चित्रात शून्याची रेषा वरच्या कडेपासून ६२० पिक्सेलवर आणि १६ लाखांची रेषा १४० पिक्सेलवर आहे. म्हणजे १६ लाखांना ४८० पिक्सेल, एका लाखाला ३०. १९७१ चे ७.९५ लाख शून्यरेषेपासून सुमारे २३८ पिक्सेल वर, म्हणजे वरून ३८२ च्या आसपास दिसायला हवेत. तेथे बिंदू सापडला तर आकडा ठीक आहे. कोणी चुकून ९.७५ टंकले असेल, तर अपेक्षित जागा ५४ पिक्सेल वर सरकते आणि चूक डोळ्यांनाही दिसते.

पण चित्राची ही साक्ष ढोबळ असते. १९४१ च्या रकान्यातले ५.४१ हे ५.४७ असे वाचले गेले, तर फरक जेमतेम दोन पिक्सेलचा पडतो आणि रेषेची जाडीच तेवढी असते. येथे तिसरी ओळ कामाला येते. उतरवलेल्या लाखांवरून टक्केवारी पुन्हा काढावी आणि छापील टक्केवारीशी ताडून पाहावी. ५.०५ वरून ५.४१ ही वाढ ७.१३ टक्के येते, छापील आकडा ७.०५ आहे. एवढा फरक लाखांचे आकडे दोन दशांश स्थळांवर आणल्यामुळे पडतो आणि तो सोडून द्यावा. ५.४७ वाचले असते, तर वाढ ८.३२ टक्के आली असती आणि पुढच्या दशकाची वाढ १.२१ ऐवजी शून्य. एक लोकसंख्या चुकली, की तिच्या दोन्ही बाजूंच्या टक्केवाऱ्या परस्परविरुद्ध दिशांना बिघडतात. याउलट केवळ एकच टक्केवारी जुळत नसेल आणि शेजारच्या दोन्ही बरोबर असतील, तर लोकसंख्या ठीक असून ती टक्केवारीच चुकीची वाचली गेली आहे. हरवलेले उणे चिन्हही असेच सापडते: ४.८७ वरून ४.६९ वर आलेली लोकसंख्या ३.५५ टक्क्यांनी वाढलेली असू शकत नाही.

टक्केवारीच्या ओळीचा आणखी एक उपयोग

लाखांत दोन दशांश स्थळे याचा अर्थ प्रत्येक आकड्यात पाचशे माणसांपर्यंत इकडेतिकडे. आलेखाच्या रेषेसाठी एवढे पुरते. परंतु एका जनगणनेचा पूर्ण आकडा अन्यत्र सापडला, तर टक्केवारीची ओळ धरून मागे जाता येते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि त्या रकान्यात वाढ ८.२३ टक्के आहे. १४,५८,५४५ ला १.०८२३ ने भागले की २००१ साठी सुमारे १३,४७,६३५ मिळतात. जनगणनेचा प्रत्यक्ष आकडा १३,४७,६६८ आहे. फरक ३३ माणसांचा.

तसेच पुढे १.१५२१, १.१६०८, १.२६७४ आणि १.३४७७ यांनी एकामागून एक भागत गेले, की १९६१ च्या रकान्यासाठी ५,८९,९५३ येतात. मूळ आकडा ५,८९,९९७ आहे, म्हणजे पाच पायऱ्यांनंतरही चूक ४४ माणसांची. ती आणखी मोठी होऊ शकली असती, कारण प्रत्येक भागाकारात टक्केवारीच्या शेवटच्या अंकाची अनिश्चितता मिसळते. पाच पायऱ्यांत ती अधिकाधिक सव्वाशे माणसांपर्यंत जाते. तरीही लाखांच्या ओळीतील पाचशेच्या मानाने ती बरीच कमी आहे. अशा रीतीने मिळालेला आकडा मात्र ‘गणनेने काढलेला’ म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवावा. ५,८९,९५३ ही कोणत्याही जनगणनेने मोजलेली संख्या नाही आणि पुढे ती तशी उद्धृत होऊ नये.

वर्षे दहा-दहाची नव्हतीच

आता मुख्य अडचण. चित्राच्या अक्षावर १९०१, १९११ अशी नेटकी दशके आहेत, परंतु गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होते आणि तेथील गणना ब्रिटिश हिंदुस्थानच्या वेळापत्रकाने होत नव्हती. भारतीय जनगणनेच्या दशवार्षिक बदलाच्या तक्त्यात गोव्यासाठी १९००, १९१०, १९२१, १९३१, १९४०, १९५० आणि १९६० ही वर्षे दिली आहेत. १९७१ पासून पुढे मात्र भारतीय जनगणनेचीच वर्षे आहेत. सर्व राज्यांना एकाच चौकटीत बसवणाऱ्या तक्त्यांत हेच आकडे १९०१, १९११, १९४१, १९५१ आणि १९६१ या शीर्षकांखाली येतात. ५,८९,९९७ ही संख्या एका पानावर १९६० ची आणि दुसऱ्या पानावर १९६१ ची म्हणून दिसते, ती यामुळे. दोन तक्ते एकत्र करताना कोणी ती दोन वेगळी निरीक्षणे समजून दोनदा घेतली, तर मुक्तीच्या आदल्या वर्षी गोव्याची लोकसंख्या एका माणसानेही बदलली नाही, असा चमत्कार आलेखात दिसेल.

वर्षे दुरुस्त केल्यावर पत्रक असे होते:

```
year,lakh,change
1900,4.76,
1910,4.87,2.36
1921,4.69,-3.55
1931,5.05,7.62
1940,5.41,7.05
1950,5.47,1.21
1960,5.90,7.77
1971,7.95,34.77
1981,10.08,26.74
1991,11.70,16.08
2001,13.48,15.21
2011,14.59,8.23
```

यात १९१० ते १९२१ हे अंतर अकरा वर्षांचे आहे, १९३१ ते १९४० नऊ वर्षांचे आणि १९६० ते १९७१ पुन्हा अकरा वर्षांचे. शेवटचे अंतर सर्वांत महत्त्वाचे, कारण मुक्तीनंतर गोव्याची लोकसंख्या किती वेगाने वाढली या चर्चेत ३४.७७ टक्के हाच आकडा पुढे केला जातो. तो आकडा बरोबर आहे, पण तो अकरा वर्षांचा आहे. त्याच्याशेजारी ठेवलेला २६.७४ हा दहा वर्षांचा. तुलना करायची तर दोन्ही वार्षिक वेगात आणावे लागतात. पत्रकात शीर्षकाची ओळ पहिली धरली, तर १९७१ नवव्या ओळीवर येते आणि सूत्र असे होते:

```
=((B9/B8)^(1/(A9-A8))-1)*100
```

सूत्रातील `A9-A8` हा भाग दोन गणनांमधील खरे अंतर घेतो. उत्तर वर्षाला २.७५ टक्के येते. त्या जागी दहा लिहिले असते, तर ३.०३ आले असते. पुढच्या दशकाचा वेग २.४० टक्के आहे. म्हणजे वेग ३.०३ वरून २.४० वर घसरला असे चुकीच्या वर्षांवरून दिसते, प्रत्यक्षात तो २.७५ वरून २.४० वर आला. वेग मंदावला हे दोन्ही रीतींनी खरे, पण ही मंदी जवळजवळ दुपटीने फुगवून सांगितली गेली असती.

१९३१ ते १९४० या काळात तर वेगाची दिशाच बदलते. दहा वर्षे धरली, तर वार्षिक वेग ०.६९ टक्के येतो आणि आधीच्या दशकाच्या ०.७४ हून तो कमी दिसतो. नऊ वर्षे धरली की तो ०.७७ होतो आणि घट नाहीशी होते. येथे लगेच ‘वाढ झाली’ असे लिहिण्याचा मोह आवरावा. लाखांच्या दोन्ही आकड्यांतील सूट धरली, तर ०.७४ आणि ०.७७ यांतला फरक कोष्टकाच्या बारकाव्याबाहेरचा आहे. वेग जवळपास सारखाच राहिला, एवढेच या कोष्टकावरून म्हणता येते.

आलेख काढतानाही हीच काळजी घ्यावी लागते. स्प्रेडशीटमधील साधा `Line` प्रकार वर्षांना केवळ नावे समजतो आणि बाराही बिंदू समान अंतरावर मांडतो. नऊ, दहा आणि अकरा वर्षांची अंतरे डोळ्यांना एकसारखी दिसतात, चढ खोटा ठरतो. त्याऐवजी `Scatter` प्रकारातला रेषांसह असलेला पर्याय निवडावा. तेथे वर्ष ही संख्या असते आणि प्रत्येक बिंदू आपल्या जागी बसतो. साध्या प्रकारात आणखी एक गंमत घडते: वर्षांचा रकानाही किंमत समजला जाऊन दोन हजारांच्या जवळची एक सपाट रेषा उगवते आणि लोकसंख्येची रेषा तळाशी चेपली जाते. ती दिसली की आकड्यांत नव्हे, निवडीत चूक आहे हे समजावे.

दमण-दीवचा जोड

एकाच चित्रात संपूर्ण श्रेणी मिळाली तर प्रदेशाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पण समजा १९६१ ते १९८१ चे आकडे एका जुन्या अहवालातील आलेखाखाली आणि १९९१ नंतरचे दुसऱ्या, नव्या अहवालात आहेत. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले, तोवर गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. जुन्या अहवालाचे कोष्टक त्या संपूर्ण प्रदेशाचे असते आणि त्यात ६.२७, ८.५८ आणि १०.८७ लाख असे आकडे दिसतात. आलेखाच्या मथळ्यावर मात्र कधी कधी नुसते ‘गोवा’ लिहिलेले असते, प्रदेशाचे पूर्ण नाव पानाच्या शीर्षकात किंवा तळटीपेत राहते. चित्र कापून घेताना तीच टीप कात्रीखाली जाते.

हे तीन आकडे तसेच घेऊन पुढे १९९१ चे ११.७० जोडले, तर १९८१ ते १९९१ ची वाढ ७.६ टक्के दिसते. गोव्याचा खरा आकडा १६.०८ आहे. राज्य झाल्यावर लोकसंख्यावाढ एकदम एक-तृतीयांशाहूनही खाली आली, असा निष्कर्ष त्यातून निघेल आणि त्याला कारणेही शोधली जातील. प्रत्यक्षात बदलले ते फक्त मोजलेले क्षेत्र.

हे ओळखण्याचा उपाय साधा आहे. दोन कोष्टके जोडताना त्यांच्यात निदान एक वर्ष सामाईक असले पाहिजे आणि त्या वर्षाचे आकडे जुळले पाहिजेत. १९७१ साठी एकीकडे ८.५८ आणि दुसरीकडे ७.९५ मिळाले, तर ०.६३ लाखांचा फरक कोणाचा हे शोधावे. त्या वर्षी दमण व दीवची लोकसंख्या ६२,६५१ होती, तेव्हा कोडे सुटते. हा फरक एकदा काढून सर्व वर्षांतून वजा करणे मात्र चुकीचे ठरेल. १९६१ मध्ये तो ०.३७ लाख आहे, १९८१ मध्ये ०.७९ लाख. प्रत्येक वर्षाची दमण-दीवची लोकसंख्या स्वतंत्रपणे वजा करावी लागते. ती उपलब्ध नसेल तर दोन श्रेणी जोडू नयेत. एकाच आलेखावर दोन वेगळ्या रेषा काढाव्यात आणि मध्ये जागा मोकळी सोडावी.

नव्या आलेखाखाली

२०११ नंतर रेषा थांबते, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. एखाद्या चित्राच्या कोष्टकात २०२१ चा रकाना असेल, तर ती मोजलेली नव्हे, अंदाजित लोकसंख्या असते. ती श्रेणीत घ्यायची असल्यास तुटक रेषेने दाखवावी आणि पत्रकात त्या ओळीपुढे तशी नोंद करावी. अंदाजित आकडा भरीव रेषेत मिसळला, की पुढे तो वेगळा काढता येत नाही.

नव्या आलेखाच्या पायाशी टीप द्यावी आणि तीत तीन गोष्टी असाव्यात: आकडे कोणत्या अहवालाच्या कोणत्या पानावरील चित्राखालच्या कोष्टकातून घेतले, १९६० पर्यंतची वर्षे पोर्तुगीज गणनेनुसार दुरुस्त केली आहेत, आणि सर्व आकडे दमण व दीव वगळून आहेत. मूळ चित्राची प्रत, जशीच्या तशी उतरवलेली ओळ आणि दुरुस्त केलेली ओळ ही तिन्ही एकाच फाइलमध्ये शेजारी ठेवावीत. ५.९० लाखांसमोर चित्रात १९६१ आणि नव्या आलेखात १९६० का, असे उद्या कोणी विचारले, तर उत्तर त्या फाइलमध्येच सापडेल.